स्टीम ट्रॅप कोणता आणि कंडेन्सेटची परतीची लाइन किती इंची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं एकाच मांडणीभोवती फिरतात, म्हणजे आकडे हवेत राहत नाहीत. बॉयलर तासाला एक टन वाफेचा, दाब ७ बार. बाहेरून वाफेचं जॅकेट असलेल्या चार व्हेसल आहेत. प्रत्येकीत ५०० लिटर पाण्यासारखा माल ३० अंशांवरून ९० अंशांपर्यंत अर्ध्या तासात तापवायचा आहे. जॅकेटला वाफ रिड्युसिंग व्हॉल्व्हमधून ३ बारवर येते. जॅकेटखालचा स्टीम ट्रॅप वाफ आत अडवतो आणि तिचं झालेलं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, बाहेर सोडतो. ट्रॅपमधून निघालेलं हे कंडेन्सेट ४ मीटर वर चढून छताजवळच्या एका सामाईक लाइनने फीड टाकीत जातं. दाब सगळीकडे गेजवर दिसतो तोच धरला आहे.

एकेक व्हेसल लावली तर वेळेत तापते, चारही लावल्या की शेवटची रखडते. बॉयलर कमी पडतो का?

बहुतेक वेळा नाही. आधी बॉयलरचा गेज बघा. चारही चालू असताना तो ७ वर ठाम असेल आणि रिड्युसिंग व्हॉल्व्हनंतरही ३ बार मिळत असतील, तर वाफ पोचतेय. तिचं पाणी बाहेर पडत नाहीये.

अशाच मांडणीच्या एका कारखान्यात मला बोलावलं होतं, ते मोठा बॉयलर घ्यायचा का हे विचारायला. तोवर तिथे ट्रॅप दोनदा बदलून झाले होते. आम्ही शेवटच्या व्हेसलच्या ट्रॅपनंतर एक गेज बसवला. एक व्हेसल चालू असताना काटा अर्ध्या बारच्या आसपास होता. चौथी सुरू झाली तसा तो पावणेदोन बारवर गेला. थंड माल भरलेल्या जॅकेटमध्ये सुरुवातीला दाब एक-दोन बारच असतो, कारण वाफ आली की लगेच तिचं पाणी होतं. पाठीमागे पावणेदोन आणि पुढे दीड, मग ट्रॅपने पाणी ढकलायचं कशाच्या जोरावर? जॅकेटचा खालचा भाग पाण्याने भरलेला, हात लावला तर वरचा भाग चटका देणारा आणि तळ कोमट. परतीची लाइन पाऊण इंची होती. चौघींना एकदम चालवायची वेळ येईपर्यंत ती कुणाला खुपली नव्हती.

पण चार व्हेसलचं पाणी ते केवढं? पाऊण इंची पाइपमधून सहज जायला हवं.

पाणी म्हणून मोजलं तर खरंच जातं. हिशोब करून बघू.

५०० किलो माल ६० अंशांनी तापवायला सुमारे १,२५,७०० किलोज्यूल लागतात. ३ बारची वाफ पाणी होताना किलोमागे सुमारे २,१३३ किलोज्यूल देते. म्हणजे अर्ध्या तासात ५९ किलो वाफ, तासाच्या दराने ११८. भांड्याचं लोखंड आणि बाहेर जाणारी उष्णता धरून १३० किलो म्हणा. चार व्हेसलचं कंडेन्सेट तासाला ५२० किलो, म्हणजे अर्धा घनमीटर. पाऊण इंची पाइपमध्ये याचा वेग सेकंदाला अर्धा मीटरही होत नाही. इथपर्यंत कुणाचं चुकत नाही.

चूक पुढे आहे. हे पाणी ३ बारच्या वाफेचं, म्हणजे १४३ अंशांचं. ट्रॅपच्या पलीकडे दाब जवळजवळ शून्य, आणि तिथे पाणी १०० अंशांपेक्षा गरम राहूच शकत नाही. जास्तीची उष्णता त्याच पाण्यातल्या थोड्या भागाची पुन्हा वाफ करते. हीच फ्लॅश स्टीम. १४३ अंशांच्या पाण्यात किलोमागे ६०५ किलोज्यूल असतात, १०० अंशांच्या पाण्यात ४१९. फरक १८६. त्याला १०० अंशांवर वाफ व्हायला लागणाऱ्या २,२५७ ने भागा. उत्तर ८.२ टक्के.

म्हणजे ५२० किलोपैकी सुमारे ४३ किलोची वाफ. वजनाने किरकोळ. पण वातावरणाच्या दाबाला एक किलो वाफ १.६७ घनमीटर जागा घेते. ४३ किलोला लागतात जवळपास ७१ घनमीटर तासाला, आणि उरलेलं पाणी अर्धा घनमीटर. ट्रॅपनंतरच्या पाइपमधली ९९ टक्क्यांहून जास्त जागा वाफेची असते, पाणी तळाशी आणि भिंतीला धरून धावतं. नाव कंडेन्सेट लाइन असलं तरी ती मोजायची वाफेची लाइन म्हणूनच.

मग लाइन किती इंची घ्यायची?

आता ७१ घनमीटर वाफ वेगवेगळ्या पाइपमध्ये घालून बघा. पाऊण इंचीत वेग सेकंदाला ५७ मीटर येतो. एक इंचीत ३५ च्या आसपास, दीड इंचीत १५, दोन इंचीत ९.

ओल्या, पाणी बरोबर नेणाऱ्या वाफेला मी १५ मीटरच्या वर जाऊ देत नाही. त्यापुढे वाफ पाण्याचे गोळे उचलून कोपऱ्यावर आपटते, आणि तेच धडाधड आवाज तुम्हाला रात्रपाळीत ऐकू येतात. या हिशोबाने दीड इंची काठावर बसते. पण ५२० किलो हा अर्ध्या तासाचा सरासरी दर आहे. माल थंड असताना वाफ आणि माल यांच्या तापमानातला फरक ११३ अंश असतो, शेवटी ५३. त्यामुळे सुरुवातीचा दर सरासरीच्या जवळजवळ दीडपट निघतो, त्यात थंड लोखंडाची भर. चौघी एकदम सुरू झाल्या तर भार दुप्पट धरा. तेव्हा दीड इंचीत वेग ३० होतो आणि दोन इंचीत १८. पहिल्या काही मिनिटांपुरते १८ चालतात, ३० नाही. म्हणून सामाईक लाइन दोन इंची. प्रत्येक व्हेसलच्या ट्रॅपपासून वर जाणारा फाटा एकट्याचाच भार नेतो, तो एक इंची ठेवला की सरासरीला वेग ९ च्या आत राहतो.

लाइन लांब असेल, पन्नास-साठ मीटर आणि डझनभर बेंड, तर वेगाच्या नियमावर विसंबू नका. दाबाचा तोटा काढून बघा किंवा सरळ एक माप मोठं घ्या.

७ बारच्या मुख्य लाइनवरचे ड्रिप ट्रॅप याच लाइनला जोडले तर चालतं का?

मुख्य लाइनमध्ये साचणारं पाणी काढणारे ते ड्रिप ट्रॅप. चालतं. ७ बारच्या पाण्यातून १३ टक्क्यांच्या वर फ्लॅश निघते, पण इन्सुलेशन धड असलेल्या छोट्या मुख्य लाइनचं कंडेन्सेट इतकं कमी असतं की त्याने लाइनचं माप बदलत नाही. भीती वेगळी आहे. त्यातला एक ट्रॅप उघडा अडकला तर ३ मिमीच्या भोकातून ७ बारची वाफ तासाला सुमारे २५ किलो या दराने थेट परतीच्या लाइनमध्ये येते. चारही व्हेसलची मिळून फ्लॅश ४३ किलो. म्हणजे एका गळक्या ट्रॅपने लाइनचा भार दीडपटीहून जास्त झाला आणि शिक्षा मिळाली ती व्हेसलना. व्हेसल रखडतेय म्हणून व्हेसलचाच ट्रॅप बदलत बसायचं, आणि दोषी वीस मीटर लांब.

जॅकेटला कोणता ट्रॅप? आमच्याकडे सगळीकडे थर्मोडायनॅमिकच आहेत.

मुख्य लाइनच्या ड्रिपला हे चकतीवाले ट्रॅप उत्तम. लहान, टणक, वॉटर हॅमर सहन करणारे, आणि टिक-टिक आवाजावरून जिवंत आहेत का ते कळतं. जॅकेटला मात्र मी बॉल फ्लोट ट्रॅपच लावतो, आत थर्मोस्टॅटिक एअर व्हेंट असलेला.

कारण समजून घ्या. जॅकेटमध्ये सकाळी वाफ सोडता तेव्हा आत हवा भरलेली असते. ती बाहेर गेल्याशिवाय वाफेला जागा नाही. थर्मोडायनॅमिक ट्रॅपमधून हवा जोरात आली तर चकती तिला वाफ समजून बंद होते. फ्लोट ट्रॅपच्या एअर व्हेंटमधून हवा वेगळ्या वाटेने निघून जाते. दुसरं, जॅकेटचा भार सतत बदलतो, सुरुवातीला धो-धो आणि शेवटी ठिबक. फ्लोट पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होतो, जेवढं पाणी येईल तेवढं लगेच सोडतो, थांबवून ठेवत नाही. तिसरं, चकतीवाल्या ट्रॅपला पाठचा दाब पुढच्या दाबाच्या ८० टक्क्यांच्या पुढे गेलेला चालत नाही, आणि बऱ्याच मॉडेलची मर्यादा त्याहून कमी असते. वर सांगितलेल्या परिस्थितीत तो नेमका तिथेच अडकतो.

इन्व्हर्टेड बकेट, म्हणजे आत उलटी बादली असलेला ट्रॅप, दणकट असतो आणि घाणीला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण हवा हळू सोडतो, आणि दाब अचानक पडला तर त्यातलं पाणी उकळून निघून जातं. मग तो उघडाच राहून वाफ फुंकत बसतो. कंट्रोल व्हॉल्व्ह असलेल्या जॅकेटला म्हणून तो मला आवडत नाही.

फ्लोटची उणी बाजूही सांगतो. वॉटर हॅमरने त्याचा गोळा चेपतो. चेपलेला, पाणी शिरलेला गोळा बुडतो आणि ट्रॅप बंद राहतो. एकाच जागचा फ्लोट ट्रॅप पुन्हा पुन्हा मरत असेल तर उघडून गोळा हलवून बघा. आत पाणी डुचमळलं तर ट्रॅपला दोष देऊ नका, लाइनमध्ये हॅमर कुठून येतो ते शोधा.

तिरकी करून ओतायची केटल असेल तर तिचं कंडेन्सेट आतल्या सायफन नळीतून वर चढून येतं. त्या नळीत वाफ अडकली की ट्रॅप ती वाफ विरेपर्यंत बंद राहतो. अशा जागी स्टीम लॉक सोडणारी सुई असलेला फ्लोट ट्रॅप मागून घ्या.

बॉयलर ७ बारचा आहे, म्हणून १० बारचा फ्लोट ट्रॅप आणला. बरोबर ना?

इथे पुष्कळ जण फसतात. फ्लोट ट्रॅपवर ४.५, १० किंवा १४ असा आकडा असतो. तो बॉडीच्या ताकदीचा नाही. दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक जास्तीत जास्त किती असताना गोळा व्हॉल्व्ह उघडू शकेल, ते तो सांगतो. गोळ्याची उचल ठरलेली असते. फरक जास्त असेल तर भोक लहान ठेवावं लागतं, नाहीतर दाब व्हॉल्व्हला सीटवर दाबून धरतो. म्हणजे आकडा मोठा तेवढं आतलं भोक बारीक.

आपल्या जॅकेटला ३ बारच येतात आणि जॅकेटचा सेफ्टी व्हॉल्व्ह साडेतीनला सुटतो, असं धरू. तिथे ४.५ चा ट्रॅप बसतो. १० चा लावला तर तो चालेल, पण त्याच बॉडीत, त्याच इंचाच्या जोडणीत पाणी कितीतरी कमी सोडेल. उलट गफलतही होते. जॅकेटचा शिल्लक ४.५ चा ट्रॅप कुणी ७ बारच्या मुख्य लाइनला लावतो, आणि तो कधी उघडतच नाही. पाणी लाइनमध्ये साठतं. ट्रॅप थंड, म्हणून सगळे म्हणतात ‘चोक झालाय’, आणि उघडून बघावं तर स्वच्छ.

क्षमता तासाला किती किलोची घ्यायची?

व्हेसलची गरज सरासरी १३०, सुरुवातीची दीडपट, वर लोखंडाचा भार. म्हणून दुप्पट, २६० किलो. आता महत्त्वाचं: हे २६० किलो दाबाच्या कोणत्या फरकाला हवेत?

कॅटलॉगमधला मोठा आकडा भरपूर फरकाचा असतो. तुमच्याकडे सगळ्यात जास्त पाणी पडतं त्या क्षणी जॅकेटमध्ये कदाचित १ बारच असतो, कारण थंड भांडं वाफ गिळत असतं. पाठीमागे ४ मीटर उचलीचे ०.४ आणि लाइनचे ०.१. फरक उरला अर्धा बार. म्हणून तक्त्यात ०.५ बारच्या रेघेवर बोट ठेवा आणि तिथे २६० किलो देणारा ट्रॅप निवडा. फरक दहावा हिस्सा झाला की क्षमता ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्यावर येते. ३ बारच्या रेघेवर निवडलेला ट्रॅप सुरुवातीच्या दहा मिनिटांत याचसाठी अपुरा पडतो.

जोडणीच्या इंचावरून ट्रॅप घेऊ नका. एकाच इंचाच्या दोन ट्रॅपच्या क्षमतेत कित्येक पटींचा फरक असू शकतो.

९० अंशांना पोचल्यावर माल नुसता धरून ठेवतो, तेव्हा जॅकेट धडधडतं. का?

कारण त्या वेळी पाणी वर चढवायला दाबच नसतो. माल ९० ला आला की कंट्रोल व्हॉल्व्ह जवळजवळ बंद होतो. थोड्याशा उष्णतेसाठी जॅकेटमध्ये १०५ अंशांची वाफ पुरते, आणि १०५ अंशांना दाब असतो ०.२ बार. चार मीटर चढायला लागतात ०.४. पाणी जॅकेटमध्येच थांबतं. गरज आणखी घटून ९५ अंशांची वाफ पुरेशी झाली तर जॅकेटमधला दाब वातावरणाच्याही खाली जातो, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर वरच्या लाइनमधलं पाणी उलटं आत खेचलं जातं. मग व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो, वाफ थंड पाण्यावर आपटते. तो धडधडाट.

व्हॅक्यूम ब्रेकर लावला तर निर्वात होणार नाही, पण ४ मीटरची उचल काही कमी होत नाही. कायमचा इलाज एकच: ट्रॅपनंतर पाणी वर न चढवता उताराने खालच्या, हवेला उघड्या असलेल्या छोट्या टाकीत सोडायचं, आणि तिथून पंपाने फीड टाकीत पाठवायचं. व्हॅक्यूम ब्रेकर आणि ही टाकी ही जोडी आहे, एकाशिवाय दुसरं अर्धवट. टाकीतली फ्लॅश बाहेर जायला व्हेंटही तेवढाच हवा. चारही व्हेसलचं कंडेन्सेट तिथे येत असेल तर व्हेंट दोन इंची. टाकीत आता दाब नसल्यामुळे पंपानंतरची लाइन मात्र खरोखर नुसत्या पाण्याची असते आणि ती लहान चालते. त्या भरलेल्या लाइनमध्ये वाटेत दुसरा कुठलाही ट्रॅप जोडू नका. गरम फ्लॅश थंडावलेल्या पाण्यात शिरून फुटते, आणि आवाज पुन्हा सुरू.

चारही व्हेसलना मिळून एक मोठा ट्रॅप लावला तर?

नको. चारही जॅकेटमधला दाब एका वेळी सारखा नसतो. ज्यात दाब जास्त तिची वाफ सामाईक नळीत येऊन कमी दाबाच्या व्हेसलचं पाणी अडवते. प्रत्येकीला तिचा स्वतःचा ट्रॅप.

फीड टाकीच्या व्हेंटमधून खूप वाफ जाते. ट्रॅप गळतात का?

व्हेंटवरून सांगता येत नाही. निरोगी मांडणीतही ४३ किलो फ्लॅश कुठूनतरी बाहेर पडणारच. ट्रॅपच्या पुढे-मागे तापमान मोजूनही गळती कळत नाही, कारण पलीकडे फ्लॅश असली तरी १०० च्या आसपास आणि थेट वाफ असली तरी १०० च्याच आसपास. तापमान एवढंच सांगतं की ट्रॅप थंड, म्हणजे बंद किंवा पाण्याने भरलेला आहे.

मला भरवशाची वाटते ती ट्रॅपनंतरची टेस्ट कॉक. लाइनकडचा व्हॉल्व्ह बंद करून ट्रॅपचं तोंड हवेत उघडा, बाजूला उभं राहून. फ्लॅश असेल तर तोंडापासूनच पांढरा, आळसावलेला ढग निघतो आणि पाण्याचे थेंब उडतात. थेट वाफ असेल तर तोंडाशी दोन-तीन बोटं अंतर काहीच दिसत नाही, मग ढग सुरू होतो, आणि जोर कमी-जास्त होत नाही. कॉक नसेल तर अल्ट्रासोनिक यंत्राने आवाज ऐका. फ्लोट ट्रॅप सतत वाहतो, त्यामुळे त्याचा आवाज ओळखायला सराव लागतो. चकतीवाल्याचा उघड-बंद ठेका कुणालाही कळतो. ठेका मिनिटाला एक-दोनदा ऐवजी सलग घरघर झाला की चकती झिजली.

जोडताना कुठल्या चुका होतात?

जॅकेटच्या तोंडापासून ट्रॅपपर्यंत नळी बारीक करतात, ही पहिली. तिथे पाणी फक्त वजनाने खाली येतं, म्हणून निघण्याच्या तोंडाएवढीच नळी ठेवा आणि ट्रॅप निदान १५० मिमी खाली असू द्या. ट्रॅपआधी गाळणी, नंतर साइट ग्लास, वर चढत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. फाटा सामाईक लाइनला वरून जोडा, खालून नाही. खालून जोडला तर फ्लॅश लाइनच्या पाण्यातून बुडबुडत जाते. आडवी लाइन टाकीकडे शंभराला एक उताराने.

लाइन बदलायला कारखाना बंद ठेवता येत नाही. तोवर काय करू?

ट्रॅपचा बायपास थोडा उघडा ठेवणं हा सगळ्यांच्या हाताशी असलेला उपाय, आणि सगळ्यात वाईट. एका व्हेसलचं पाणी निघतं, पण तिची थेट वाफ लाइनमध्ये शिरून बाकी तिघींचा पाठचा दाब वाढवते. मग त्यांचेही बायपास उघडतात.

त्याऐवजी व्हेसल दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सुरू करा, म्हणजे सुरुवातीचे भार एकमेकांवर येत नाहीत. मुख्य लाइनवरचे ड्रिप ट्रॅप तपासून गळका असेल तो आधी बदला. आणि शेवटच्या व्हेसलच्या ट्रॅपनंतर गेज बसवून ठेवा, आधी पिगटेल सायफन नळी आणि कॉक घालून. त्याचा काटा कुठल्या व्हेसलबरोबर किती चढतो हे आठवडाभर लिहून ठेवलंत, की लाइन कुठून कुठपर्यंत बदलायची ते त्या वहीतच सापडेल.